गट-कर्ज आणि बँक-कर्ज: महिला उद्योजकांवरील टर्म पेपरमध्ये तुलना कशी करावी

महिला उद्योजकांना सूक्ष्मवित्ताचे गट-कर्ज अधिक उपयोगी पडते की बँकेचे वैयक्तिक कर्ज, हा विकास अर्थशास्त्राच्या टर्म पेपरसाठी नेहमी निवडला जाणारा विषय आहे, आणि त्याची मांडणीही बहुधा ठरलेल्या वाटेनेच होते. आधी गट-कर्जाचे फायदे-तोटे, मग बँक-कर्जाचे, आणि शेवटी दोन्ही परस्परांना पूरक आहेत असा निष्कर्ष. अशा पेपरात चूक फारशी सापडत नाही, पण त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. याचे कारण असे की या दोन कर्जांमध्ये एकच गोष्ट वेगळी नसते. जबाबदारी कोणाची, तारण लागते का, हप्ता किती दिवसांनी, रक्कम किती, व्याज कसे मोजले जाते, बैठकीला बसावे लागते का आणि कर्जदार कोणी निवडला, या सगळ्याच बाबी एकाच वेळी बदलतात. परिणामात दिसलेला फरक यांपैकी कशामुळे आला हे सांगता आले, तरच तुलना झाली असे म्हणता येईल. पुढील मार्गदर्शन हाच एक धागा धरून आहे.

पहिली पायरी: कर्ज अटींमध्ये सुटे करा

पेपर लिहायला बसण्यापूर्वी एक तक्ता करावा. त्याच्या डावीकडे वर दिलेल्या सात अटी लिहाव्यात आणि पुढच्या दोन रकान्यांत गट-कर्ज व बँक-कर्ज यांची प्रत्यक्ष स्थिती नोंदवावी. हा तक्ता पेपरात छापलाच पाहिजे असे नाही. तो तुमच्या विचारासाठी आहे. तो भरताना लगेच लक्षात येते की ‘गट-कर्ज’ या नावाखाली किमान दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे संयुक्त जबाबदारी, म्हणजे एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तो भरायचा. दुसरी म्हणजे गटाने एकत्र येऊन, सर्वांसमोर, ठरलेल्या वारी हप्ता भरण्याची पद्धत. बांगलादेशातील ग्रामीण बँकेच्या सुरुवातीच्या नमुन्यात पाच जणींचा गट होता आणि या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या, म्हणून त्या एकच आहेत असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात त्याच बँकेने 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला आपली पद्धत बदलली, तेव्हा संयुक्त जबाबदारीची औपचारिक अट गेली, पण गट आणि बैठका राहिल्या.

सिद्धान्ताचा भाग लिहितानाही हाच भेद पाळावा. 1981 मधील स्टिग्लिट्झ आणि वाइस यांच्या मांडणीतून बँकेची अडचण समजते: कोणता कर्जदार जोखमीचा आहे हे बँकेला बाहेरून ओळखता येत नाही, आणि व्याज वाढवले तर सावध कर्जदार निघून जातात व धाडसी तेवढे उरतात, म्हणून बँक व्याज वाढवण्याऐवजी कर्जच नाकारते. ज्या स्त्रीच्या नावावर जमीन किंवा घर नाही, ती या नकाराच्या रांगेत सर्वांत पुढे असते. संयुक्त जबाबदारी ही अडचण दोन मार्गांनी हलकी करते. सोबतिणी एकमेकींना ओळखून गट बांधतात, त्यामुळे निवडीचे काम त्यांच्याकडे जाते. या बाजूचे विश्लेषण अर्थशास्त्रज्ञ मैत्रीश घटक यांनी 1999 च्या लेखात केले आहे. तसेच पैसा कुठे खर्च झाला यावर त्या नजर ठेवतात. 1990 मध्ये स्टिग्लिट्झ यांनी हीच बाजू मांडली. मात्र बेस्ली आणि कोट यांनी 1995 मध्ये याची उलटी बाजू दाखवली. गटातील काही जणी बुडाल्या आणि त्यांचा भार उचलणे परवडेनासे झाले, तर ज्या भरू शकल्या असत्या त्याही हात वर करतात. पेपरात हे तिन्ही मुद्दे दोन परिच्छेदांत आटोपावेत. त्यांचे बीजगणित उतरवून काढण्याने पानांची भर होते, तुलना पुढे सरकत नाही.

दुसरी पायरी: एकच अट बदलणारा पुरावा शोधा

आता प्रश्न अरुंद करता येतो. ‘कोणते कर्ज चांगले’ हा प्रश्न सोडून ‘संयुक्त जबाबदारी काढली आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर काय बदलते’ असा प्रश्न घ्यावा. याचे उत्तर देणारे प्रयोग मोजके आहेत, पण ते नीट वाचण्याजोगे आहेत.

जिने आणि कार्लन यांनी फिलिपिन्समधील एका बँकेसोबत केलेल्या अभ्यासात चालू असलेली काही गट-कर्ज केंद्रे यादृच्छिक निवडीने वैयक्तिक जबाबदारीवर आणली गेली. साप्ताहिक बैठका तशाच राहिल्या, फक्त दुसरीचा हप्ता भरण्याची सक्ती गेली. थकबाकी वाढली नाही. हा निष्कर्ष उद्धृत करणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग सहसा सुटून जातो: नव्या भागांत वैयक्तिक जबाबदारीची केंद्रे उघडायला कर्ज-अधिकारीच फारसे तयार नव्हते, त्यामुळे तिथे केंद्रे कमी निघाली. म्हणजे परतफेडीवर परिणाम नसला तरी कर्ज किती जणींपर्यंत पोहोचते यावर होता. महिला उद्योजकांच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

मंगोलियातील अभ्यास याच्या शेजारी ठेवावा. अटानासिओ आणि सहकाऱ्यांनी 40 गावांत महिलांसाठी तीन स्थिती निर्माण केल्या: 15 गावांत गट-कर्ज, 15 गावांत वैयक्तिक कर्ज आणि 10 गावांत कर्ज नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गट-कर्जाच्या गावांत महिलांच्या मालकीच्या उद्योगांचे प्रमाण आणि कुटुंबाचा अन्न-उपभोग वाढला, वैयक्तिक कर्जाच्या गावांत तसे दिसले नाही, आणि परतफेडीत दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. वरवर पाहता दोन अभ्यास परस्परविरोधी वाटतात, पण ते वेगळ्या गोष्टी मोजत आहेत. पहिल्यात परतफेड आणि कर्जाचा प्रसार आहे, दुसऱ्यात कर्जदार स्त्रीच्या घरात काय झाले हे आहे. परतफेडीपुरते दोघांचे उत्तर एकच आहे, हे तुमच्या पेपरात ठळकपणे यायला हवे.

तिसरा अभ्यास बैठकींचा आहे. फायगेनबर्ग, फील्ड आणि पांडे यांनी कोलकात्यातील कर्जदार महिलांचे काही गट साप्ताहिक तर काही मासिक बैठकींना नेमले. जबाबदारी सर्वत्र वैयक्तिकच होती. साप्ताहिक भेटणाऱ्या महिलांचे परस्परसंबंध पुढेही अधिक घट्ट राहिले आणि दुसऱ्या कर्जात त्यांची थकबाकी कमी झाली. याचा अर्थ असा की गट-कर्जाच्या यशाचे श्रेय आपण ज्या संयुक्त जबाबदारीला देतो, त्यातील काही भाग नुसत्या भेटींचा असू शकतो.

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. या प्रयोगांतील ‘वैयक्तिक कर्ज’ हेही सूक्ष्मकर्जच आहे. तारण घेऊन, शाखेत अर्ज करून मिळणारे व्यापारी बँकेचे कर्ज नव्हे. त्यामुळे ‘गट-कर्ज बँक-कर्जापेक्षा चांगले’ असे वाक्य मंगोलियाच्या आधारावर लिहिता येत नाही. या पुराव्यातून जबाबदारीच्या अटीविषयी बोलता येते. बँकेच्या उरलेल्या अटींसाठी, म्हणजे व्याज, रक्कम आणि शाखेतील खेटे यांसाठी, वेगळे काम करावे लागते आणि ते तुम्ही स्वतः करू शकता.

तिसरी पायरी: कर्जाचा खरा खर्च काढा

माझ्या मते टर्म पेपरमध्ये विद्यार्थ्याचे स्वतःचे म्हणता येईल असे काम याच पायरीवर होते. जाहीर केलेले दोन व्याजदर शेजारी ठेवणे ही तुलना नव्हे. एक मानीव उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. रकमा कोणत्याही चलनात धराव्यात.

गट-कर्ज 10,000 चे आहे, ‘10 टक्के सरळ व्याज’ आहे आणि ते 50 साप्ताहिक हप्त्यांत फेडायचे आहे. मुद्दल आणि व्याज मिळून 11,000, म्हणून हप्ता 220. सरळ व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण मुद्दलावर आकारले जाते, पण मुद्दल तर दर आठवड्याला परत जात असते. सरासरीने पाहिले तर तिच्या हाती साधारण निम्मीच रक्कम वर्षभर राहते. त्यामुळे घटत्या शिलकीवरचा खरा दर जवळपास दुप्पट निघतो. स्प्रेडशीटमध्ये तो असा काढावा:

```
=RATE(50,-220,10000,0,0,0.005)*52
```

उत्तर सुमारे 19.8 टक्के येते. शेवटचा 0.005 हा अंदाज मुद्दाम द्यावा. तो न दिल्यास हे सूत्र सुरुवातीला एका हप्त्यामागे 10 टक्के दर गृहीत धरते आणि साप्ताहिक हप्त्यांच्या बाबतीत कधी कधी उत्तराऐवजी त्रुटी दाखवते.

आता कर्ज देतानाच 100 शुल्क आणि 500 सक्तीची ठेव कापली गेली असे धरा. ठेव शेवटी बिनव्याजी परत मिळते. हातात आले 9,400:

```
=RATE(50,-220,9400,500,0,0.005)*52
```

दर सुमारे 24 टक्क्यांवर जातो. अजून तिच्या वेळेची किंमत धरलेली नाही. बैठकीला जाऊन-येऊन दीड तास लागत असेल आणि तो वेळ ती उद्योगात घालवून तासाला 10 कमावू शकत असेल, तर प्रत्येक आठवड्याला 15 चा खर्च आणखी पडतो. हप्त्याच्या जागी 235 घातले की दर सुमारे 40 टक्के होतो. ‘10 टक्के’ म्हणून सुरू झालेले कर्ज इथवर येते, आणि यात कोणी फसवणूक केलेली नाही. अटी सगळ्या उघडच होत्या.

बँकेकडे वळू. 10,000 चे कर्ज, घटत्या शिलकीवर 14 टक्के, 12 मासिक हप्ते. हप्ता सुमारे 898. कागदपत्रे, शुल्क आणि प्रवास यांत 400 गेले आणि खेट्यांत 30 तास गेले, म्हणजे 300. पैसा वापरण्याआधीच 700 खर्च झाले, म्हणून हाती आलेली रक्कम 9,300 धरावी. दर सुमारे 28 टक्के निघतो. या रकमेला बँक स्वस्त आहे.

आता फक्त रक्कम बदला. कर्ज 2,000 चे असेल तर गट-कर्जातील हप्ता, शुल्क आणि ठेव त्याच प्रमाणात घटतात, पण बैठकीचे 15 तसेच राहतात. दर सुमारे 95 टक्के होतो. बँकेचे 700 मात्र जसेच्या तसे राहतात, तेही पहिल्याच दिवशी, त्यामुळे 2,000 च्या कर्जातून कामाला येतात 1,300. दर सुमारे 105 टक्के. क्रम उलटला. एका पायरीचा हा निष्कर्ष संपूर्ण पेपर पेलू शकतो: कोणते कर्ज स्वस्त हे कर्ज देणाऱ्याच्या प्रकारावरून ठरत नाही, रकमेवर आणि ठरावीक खर्च केव्हा व किती वेळा करावा लागतो यावर ते ठरते. साप्ताहिक दर 52 ने आणि मासिक दर 12 ने गुणून आपण चक्रवाढ सोडून दिली आहे. ती धरली तर आकडे वाढतात, पण दोन्ही रकमांना क्रम तोच राहतो. हे तळटीपेत लिहावे, नाहीतर परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील.

या गणितातील सर्वांत नाजूक आकडा तासाच्या किमतीचा आहे. 10 ऐवजी 5 धरले, तर 10,000 च्या कर्जासाठी गटाचा दर 32 आणि बँकेचा 25 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून एकच उत्तर न देता दोन-तीन किमतींसाठी तक्ता द्यावा. स्त्रीच्या वेळेची किंमत शून्य धरणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे गृहीतक आहे, कारण ते धरताच साप्ताहिक बैठक फुकट दिसू लागते.

संयुक्त जबाबदारीचा भारही याच हिशेबात बसवता येतो. पाच जणींच्या गटात एकीने शेवटचे 10 हप्ते सोडले, तर 2,200 उरतात आणि चौघींना प्रत्येकी 550 भरावे लागतात. प्रत्येकीचे स्वतःचे एकूण व्याज 1,000 आहे हे लक्षात घेतले, तर हा बोजा व्याजाच्या निम्म्याहून मोठा आहे. असे घडण्याची शक्यता दहात एक असेल, तर अपेक्षित खर्च फक्त 55 निघतो, आणि सरासरी काढली की तो नगण्य वाटतो. पण ज्या गटावर ती वेळ येते तिथे तो सरासरीने येत नाही, एकदम येतो. दोन्ही आकडे द्यावेत.

चौथी पायरी: कर्ज कोणी घेतले हे पाहा

तुमच्याकडे सर्वेक्षणाचा डेटा असेल आणि बँक-कर्ज घेतलेल्या महिलांचा नफा गट-कर्ज घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसत असेल, तर ते कर्जाचे फळ आहे असे लगेच लिहू नये. जिच्याकडे तारण, हिशेबाची वही आणि जुना धंदा आहे, तीच बँकेपर्यंत पोहोचते. तिचा नफा कर्जाआधीही जास्तच होता. उलट गटातही सोबतिणी कोणालाही घेत नाहीत; अगदी गरीब किंवा नुकत्याच स्थायिक झालेल्या स्त्रीला त्या वगळतात. दोन्हीकडे निवड आहे, पण दिशा वेगळी आहे.

ही अडचण सोडवण्याचा एक सुंदर नमुना म्हणजे कोलमन यांचा ईशान्य थायलंडमधील 1999 चा अभ्यास. त्यांनी तुलनेसाठी अशा गावांतील महिला घेतल्या ज्यांनी गावबँकेत नाव नोंदवले होते, पण कर्ज मिळायला अजून अवधी होता. त्यामुळे इच्छा आणि स्वभाव दोन्हीकडे सारखे झाले, फरक फक्त कर्जाचा उरला. आणि कर्जाचे मोठे वाटणारे परिणाम बरेचसे विरून गेले. तुमच्या डेटात असा समूह नसेल तर निदान कर्जाआधीचा नफा, मालमत्ता आणि धंद्याचे वय यांची दोन गटांत तुलना करणारा तक्ता द्यावा. त्यात मोठी तफावत असेल, तर नंतरच्या समीकरणात कितीही चल घातले तरी निकालावर कारणाचा दावा करू नये. ‘संबंध आढळतो’ इतकेच म्हणावे. पिट आणि खांडकर यांच्या 1998 च्या बांगलादेशविषयक निष्कर्षांवर अनेक वर्षे वाद चालला, तो याच प्रश्नावर होता. महिलांना दिलेल्या कर्जाचा मोठा परिणाम त्यांनी दाखवला होता आणि रूडमन व मॉरडक यांनी पुनर्विश्लेषणात तो कारण म्हणून टिकत नाही असे मांडले.

पाचवी पायरी: परिणाम कुठे मोजायचा

शेवटचा निर्णय परिणाम मोजण्याचा आहे, आणि महिला उद्योजकांच्या बाबतीत इथेच सर्वाधिक घसरण होते. श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी छोट्या उद्योगांना अनुदान म्हणून भांडवल दिले, तेव्हा पुरुषांच्या उद्योगांत चांगला परतावा दिसला आणि महिलांच्या उद्योगांत सरासरीने दिसला नाही. यावरून महिला भांडवल नीट वापरत नाहीत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरले. बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी 2019 मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना येथील डेटा पुन्हा तपासला. घरात तिच्याखेरीज दुसरा उद्योग नसेल, तर स्त्रीच्या आणि पुरुषाच्या परताव्यातील तफावत उरत नाही असे त्यांना आढळले. म्हणजे जिथे पतीचाही धंदा आहे तिथे तिच्या नावावर आलेला पैसा त्याच्या धंद्यात जातो, आणि आपण फक्त तिच्या दुकानाचा गल्ला मोजत राहिलो तर कर्ज वाया गेले असे दिसते.

म्हणून प्रश्नावलीत किंवा डेटाच्या निवडीत तीन गोष्टी हव्यात: तिच्या उद्योगाचा नफा, घरातील सर्व उद्योगांचा मिळून नफा, आणि घरात किती उद्योग आहेत. कर्जाचा प्रकार आणि ‘एकच उद्योग असलेले घर’ यांचा परस्परगुणक समीकरणात घालावा. गट-कर्जाच्या बाबतीत सोबतिणींची नजर पैसा तिच्याच धंद्यात ठेवते का, हे तपासण्याजोगे गृहीतक इथूनच निघते, आणि बँकेच्या तुलनेत ते खास गटाविषयी बोलणारे आहे.

परतफेडीचे प्रमाण मात्र परिणाम म्हणून वापरू नये. ते कर्ज देणाऱ्याचे माप आहे. कोलकात्यात फील्ड, पांडे, पॅप आणि रिगोल यांनी पहिला हप्ता नेहमीच्या दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केला, तेव्हा महिलांची उद्योगातील गुंतवणूक आणि दीर्घकालीन नफा वाढला, पण थकबाकीही वाढली. परतफेडीच्या मापाने हे कर्ज नापास होते, कर्जदार स्त्रीच्या मापाने उत्तीर्ण होते. पेपरात दोन्ही मापे दिलीत तर कोणाचे माप कोणते, हे प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकातच लिहावे.

निष्कर्षाचे वाक्यही याच शिस्तीने लिहावे. ‘महिलांसाठी गट-कर्ज अधिक योग्य आहे’ असे न लिहिता, किती रकमेपर्यंत, वेळेची कोणती किंमत धरून, कोणत्या प्रकारच्या घरात आणि कोणत्या मापाने, हे चारही तपशील त्या वाक्यात असावेत. वाक्य लांब होईल, पण ते खोडता येण्याजोगे असेल. समजा तुमच्या डेटात तासांची नोंदच नाही. मग खर्चाची तुलना फक्त पैशापुरती आहे असे तिसऱ्या पायरीच्या तक्त्याखाली स्पष्ट लिहावे आणि ज्या रकमेला क्रम उलटतो ती रक्कम सांगण्याचा दावा सोडून द्यावा.